ती मूळव्याध नव्हतीच!

खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी पिशवीतून जुनं वर्तमानपत्र काढलं, घडी उलगडून खुर्चीवर अंथरलं आणि मग त्यावर बसल्या. बरोबर आलेली सून कानकोंडी झाली. ‘‘आई, अहो काय हे!’’ तर म्हणाल्या, ‘‘असू दे गं. डॉक्टरीणबाईंची खुर्ची खराब व्हायला नको.’’

वय ५२. चेहरा पांढराफटक. दीड वर्षापूर्वी गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला होता. ५ आठवड्यांत बाहेरून २५ शेक, दर आठवड्याला एक केमो आणि शेवटी ‘आतला शेक’, असे सगळे उपचार त्यांनी नेटाने पुरे केले. तपासणीत कॅन्सर दिसेनासा झाला. घरात पेढे वाटले गेले. त्यानंतर बरोबर १० महिन्यांनी, एका सकाळी शौचाच्या वेळी लालभडक रक्त पडलं.

मावशींनी (आपण त्यांना मावशीच म्हणू) ही गोष्ट २ महिने कुणालाच सांगितली नाही. का? तर त्यांच्या मनाने निकाल देऊन टाकला होता, कॅन्सर परत आला! पुन्हा मुलाच्या नोकरीवर गदा, पुन्हा शहरात भाड्याची खोली, पुन्हा सुनेची फरपट. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. मग एकदा धुण्याच्या कपड्यांत सुनेला डाग दिसले, तेव्हा गावातल्या एका दवाखान्यात नेलं. तिथे ‘मूळव्याध आहे’ असं सांगून मलम आणि गोळ्या मिळाल्या. तपासलं मात्र नाही, आणि शेक घेतल्याचं कुणी विचारलंही नाही. ३ महिने मलम लावून झालं. रक्त थांबेना, म्हणून पुढची पायरी ठरली होती मूळव्याधीवर इंजेक्शन. ते घेण्याच्या आदल्या आठवड्यात सुनेनं हट्टानं माझ्याकडे आणलं.

त्या सुनेचे मी मनोमन आभार मानले. का, ते पुढे सांगते.

मावशींना कॅन्सर परत आला नव्हता, आणि मूळव्याधही झाली नव्हती. त्यांना झाला होता रेडिएशन प्रोक्टायटिस, म्हणजे शेकामुळे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला, गुदाशयाला झालेली इजा. शरीररचना आठवून पाहा. बाईच्या ओटीपोटात पुढे लघवीची पिशवी, मधे गर्भाशय आणि योनी, आणि त्याला अगदी खेटून मागे गुदाशय. दोन खोल्यांमध्ये एक पातळ भिंत असावी तसं. मधल्या खोलीत विस्तव लावला, तर मागच्या भिंतीला धग लागणारच. सगळ्यात जास्त धग लागते ती गुदाशयाच्या पुढच्या बाजूला, कारण तीच गर्भाशयमुखाला चिकटून असते.

शेक चालू असताना जुलाब होतात, पोटात कळा येतात, सारखं जावंसं वाटतं. हे बहुतेक बायकांना माहीत असतं, कारण सगळ्यांनाच थोडंफार होतं आणि शेक संपल्यावर काही आठवड्यांत ते थांबतंही. फसवतो तो दुसरा प्रकार. शेकाने गुदाशयाच्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या आतून हळूहळू अरुंद होत जातात. या कामाला महिनोन् महिने लागतात. रक्तपुरवठा कमी झाला की भिंत फिकट आणि ताठर होते, आणि ती उणीव भरून काढायला शरीर नव्या वाहिन्या तयार करतं. पण या नव्या वाहिन्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या नाजूक आणि अगदी वरवर असतात. घट्ट मळ नुसता घासून गेला तरी फुटतात. म्हणून रक्त पडायला लागतं ते बहुधा शेक संपल्यावर वर्षाच्या आसपास; काहींना ६ महिन्यांतच, तर काहींना कित्येक वर्षांनी. तोवर ‘ते शेकाचं प्रकरण’ संपलं असं घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं. त्यामुळे हे दोन धागे कुणी जोडतच नाही.

हे कुणा एखाद्या दुर्दैवी बाईलाच होतं, असंही समजू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन मग शेक लागलेल्या ३०० स्त्रिया त्यात होत्या. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने शेक दिला, तर निम्म्यांना रोज प्रतिमा घेऊन अधिक नेमक्या पद्धतीने. ३ वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास नेहमीच्या पद्धतीत शंभरातल्या सुमारे ४२ जणींना झाला, आणि नेमक्या पद्धतीत २१ जणींना. हा आकडा सगळ्या आतड्याच्या त्रासाचा आहे, फक्त गुदाशयाचा नाही. तरीही दोन गोष्टी त्यातून कळतात. नवं तंत्र हा त्रास अर्ध्यावर आणतं, ही एक. आणि तरीसुद्धा तो इतक्या जणींना होतो की शेकाच्या प्रत्येक बाईला त्याबद्दल आधी सांगायलाच हवं, ही दुसरी.

आता मावशींचं निदान कसं झालं ते सांगते, कारण क्रम महत्त्वाचा आहे.

पहिला प्रश्न होता, रक्त नक्की येतं कुठून? हा प्रश्न पुरुषांना विचारावा लागत नाही, बायकांना लागतो. घडीवर किंवा पॅडवर डाग दिसतो, पण तो शौचाच्या वाटेचा, योनीचा की लघवीचा, हे आपलं आपल्याला कळतंच असं नाही. शेकानंतर तिन्हींपैकी कुठूनही रक्त येऊ शकतं, आणि योनीतून येत असेल तर विचाराची दिशाच बदलते. म्हणून आधी योनीमार्गाची तपासणी केली. तिथे काही नव्हतं. मग गुदद्वारातून बोटाने तपासलं. गाठ लागली नाही, पण हातमोज्याला ताजं रक्त लागलं.

रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ७.४ आणि शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ रिकामा. रोज चमचा-दोन चमचे रक्त जात होतं, पण ५ महिने जात होतं! ‘‘जिना चढताना धाप लागते, ते वयामुळे असेल म्हटलं,’’ मावशी म्हणाल्या. शौचाचीही तपासणी केली, कारण आपल्याकडे आवेने रक्त पडणं काही नवीन नाही.

मग दुर्बीण. फक्त गुदाशयापुरतीच न पाहता पूर्ण मोठं आतडं पाहिलं. पन्नाशी उलटलेल्या बाईला रक्त पडतंय आणि रक्तक्षय आहे, तेव्हा ‘शेकामुळेच असेल’ असं गृहीत धरणं ही ‘मूळव्याधच असेल’ म्हणण्याइतकीच मोठी चूक. आतड्याचा वेगळा कॅन्सर निघू शकतो. मावशींचं वरचं आतडं स्वच्छ निघालं. गुदाशयात मात्र चित्र अगदी बोलकं होतं. अस्तर फिकट, आणि पुढच्या भिंतीवर लाल बारीक जाळी. दुर्बिणीचा नुसता स्पर्श झाला की रक्ताचा थेंब.

अशा वेळी डॉक्टरचा हात शिवशिवतो, एक तुकडा काढून तपासायला पाठवू या का? इथे थांबायचं असतं. शेकाने भाजलेल्या पुढच्या भिंतीचा तुकडा काढला, तर ती जखम भरून यायला रक्तपुरवठाच नसतो. व्रण चिघळतो, आणि कधी कधी गुदाशय आणि योनी यांच्यामधली ती पातळ भिंत आरपार जाते. मग मळ योनीतून यायला लागतो. त्या बाईचं काय होत असेल, कल्पना करा! म्हणून खरोखर संशयास्पद गाठ किंवा व्रण दिसला तरच, विचार करून, तुकडा घेतात. एरवी डोळ्यांना दिसणारं चित्र आणि शेकाचा इतिहास एवढं पुरतं.

आता कळलं ना, मी सुनेचे आभार का मानले? जी गोष्ट तुकड्याची, तीच मूळव्याधीच्या इंजेक्शनची, रबरबँडची आणि कापाकापीची. ‘बिनऑपरेशन मूळव्याध, भगंदर हमखास बरे’ अशा पाट्या आपल्याकडे एसटी स्टँडच्या आसपास हमखास दिसतात. शेक घेतलेल्या बाईने अशा ठिकाणी जाणं म्हणजे विकतचं भगंदर घेणं आहे.

मावशींच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी त्यांची तपासणी आणि ओटीपोटाचा एमआरआयही करून घेतला. कॅन्सर परतल्याची खूण नव्हती. हे सांगितलं तेव्हा मावशी रडल्या नाहीत की हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘‘मग मी ५ महिने उगाचच मेले!’’

उपचारांचं म्हणाल तर पहिला नियम असा की, थोडंसं रक्त कधीतरी पडत असेल, हिमोग्लोबिन चांगलं असेल, तर काहीही न करणं हाही उपचारच आहे. मळ मऊ ठेवायचा, कुंथायचं नाही. अनेकींचं रक्त काळाबरोबर आपोआप कमी होत जातं. मावशींचं तसं नव्हतं. त्यांना आधी शिरेतून लोह दिलं. रक्त चढवायची वेळ आली नाही.

त्याबरोबर सुक्रालफेटचा एनिमा सुरू केला. हे औषध एरवी पोटातल्या अल्सरसाठी पितात. ते जखमेवर लेपासारखं चिकटतं. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी १९९१ साली ३७ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. काहींना त्या काळचा नेहमीचा उपचार, म्हणजे सल्फासालाझिनच्या गोळ्या आणि स्टेरॉइडचा एनिमा, आणि काहींना सुक्रालफेटचा एनिमा. ४ आठवड्यांनी सुक्रालफेट सरस ठरलं. अभ्यास लहान, पण औषध स्वस्त, घरी घेता येणारं आणि फारसं घातक नाही. म्हणून आजही ते वापरलं जातं. २ ग्रॅम औषध २० मिलिलिटर पाण्यात, दिवसातून २ वेळा. डाव्या कुशीवर झोपून, मऊ नळीने हळूच आत सोडायचं आणि होईल तितका वेळ धरून ठेवायचं. पहिल्या दिवशी मावशींना ते २ मिनिटंही राहिलं नाही. आठवड्याने अर्धा तास राहू लागलं. सूनच देत होती. ‘‘आईंनी माझी दोन बाळंतपणं काढली, मला कसली लाज?’’ म्हणाली.

महिन्याने रक्त निम्म्यावर आलं, पण थांबलं नाही. मग पुढचा उपाय, आर्गॉन प्लाझ्मा. दुर्बिणीतून आर्गॉन वायूचा झोत सोडतात आणि त्यातून वीज जाऊन फुटक्या वाहिन्या वरच्यावर डागल्या जातात. भिंतीला हत्यार टेकवावं लागत नाही, त्यामुळे चटका खोल जात नाही. बहुतेकांना १ ते ३ वेळा करावं लागतं. मावशींना २ वेळा लागलं. इथे एक पथ्य अगदी कडक. आदल्या दिवशी औषध पिऊन पूर्ण पोट साफ करायचं. ‘नुसता एनिमा घेऊ, कशाला रात्रभर धावाधाव’ असं म्हणून चालत नाही, कारण आतड्यात साठलेले हायड्रोजन आणि मिथेन हे वायू ठिणगीने पेटू शकतात. नंतर काही दिवस थोडं दुखतं, क्वचित व्रण पडतो किंवा गुदाशय अरुंद होतो. म्हणून एकाच वेळी सगळी जाळी जाळून टाकण्याचा मोह टाळायचा.

आर्गॉनची सोय नसेल तर काही ठिकाणी पातळ केलेलं फॉर्मालिन लावतात. तेही रक्त थांबवतं, मात्र ते लावताना गुदद्वाराची त्वचा जपावी लागते. मोठ्या शहरांत दाबाखालच्या ऑक्सिजनचा उपचारही मिळतो. रोज दीडेक तास पेटीत बसायचं, अशी ३०-४० सत्रं. काही अभ्यासांत त्याचा फायदा दिसला होता, पण २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या एका काटेकोर अभ्यासात खऱ्या आणि लुटुपुटूच्या उपचारात फरक आढळला नाही. तेव्हा दागिने गहाण टाकून कुणी तिकडे धावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

६ महिन्यांनी मावशींचं हिमोग्लोबिन ११.२ झालं. रक्त महिन्यातून एखादा डाग, तोही नाही म्हणण्यासारखा. फाइलवर मी ‘सुधारणा’ असं लिहिलं आणि खूश झाले. तेवढ्यात सून हळूच म्हणाली, ‘‘पण मॅडम, आई अजून एसटीत बसत नाहीत.’’

हीच आपल्या सगळ्यांची चूक होते. रक्त दिसतं, म्हणून आम्ही डॉक्टर त्याच्यामागे लागतो. घाई दिसत नाही! मावशींना दिवसातून ६-७ वेळा जावं लागत होतं, आणि जावंसं वाटलं की २ मिनिटांचीही सवड नव्हती. त्यामुळे भिशी बंद, हळदीकुंकू बंद, लेकीकडे जाणं बंद. खुर्चीवर वर्तमानपत्र का अंथरलं होतं ते मला तेव्हा नीट कळलं. आर्गॉनने वाहिन्या डागल्या जातात, पण ताठर झालेला गुदाशय पुन्हा लवचिक होत नाही. पूर्वी तो फुग्यासारखा ताणून थांबत असे, आता थोडं साठलं तरी घंटा वाजवतो.

त्यासाठीचे उपाय साधे आहेत, पण ते कुणीतरी सांगावे लागतात. इसबगोलने मळाला बांधा आला. बाहेर जायच्या अर्धा-पाऊण तास आधी डॉक्टरांना विचारून लोपेरामाइडची अर्धी गोळी. गुदद्वाराभोवतीचे स्नायू आवळून धरण्याचा व्यायाम, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. शिवाय मावशींचा चहा दिवसाला ६ कप, भरपूर दुधाचा! शेकानंतर काहींना दूध पचेनासं होतं, म्हणून २ आठवडे दूध थांबवून पाहिलं, तर जाण्याच्या खेपा ४ वर आल्या. एवढं करूनही जुलाबच राहिले असते, तर लहान आतड्यालाही इजा झाली आहे का, पित्तरस नीट शोषला जातो का, हे शोधावं लागलं असतं. त्यावर वेगळी औषधं आहेत.

मावशी पूर्ववत झाल्या का? नाही. घाई निम्म्याने कमी झाली, गेली नाही. पण मागच्या महिन्यात त्या एसटीने लेकीकडे जाऊन आल्या. पिशवीत जादा कपडे घेऊन, स्टँडवर आधी जाऊन येऊन, पण गेल्या.

आता माझा मुद्दा. यात अवघड असं काय होतं? निदानाला अर्धा दिवस लागला. ५ महिने गेले ते, हे दोन धागे जोडता न आल्याने. शेक संपताना हातात जो कागद देतात, त्यावर पुढच्या तपासणीच्या तारखा असतात. त्यातच ठळक मराठीत दोन ओळी का असू नयेत? ‘शौचातून रक्त पडल्यास, ते कितीही महिन्यांनी पडले तरी, आम्हाला कळवा. मूळव्याधीचा कोणताही उपचार आम्हाला विचारल्याशिवाय घेऊ नका.’ छपाईला असा कितीसा खर्च येणार?

आणि पुढच्या प्रत्येक भेटीत चार प्रश्न. रक्त पडतं का? घाई होते का, कधी कपडे खराब होतात का? रात्री झोपेतून उठून जावं लागतं का? यामुळे घराबाहेर पडणं कमी झालंय का? डॉक्टरांना वेळ नसेल, तर सिस्टरने विचारावेत. इंग्लंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेकानंतर पोटाच्या तक्रारी असलेल्या २१८ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला फक्त माहितीपुस्तिका दिली. बाकी दोन गटांना ठरलेल्या पायऱ्यांनी तपासून उपचार केले, एकाला तज्ज्ञ डॉक्टरांनी आणि दुसऱ्याला प्रशिक्षित नर्सने. पायऱ्यांनी उपचार घेतलेले दोन्ही गट पुस्तिकेच्या गटापेक्षा बरे झाले, आणि नर्सचा गट डॉक्टरांच्या गटाच्या मागे पडला नाही! आपल्याकडच्या सिस्टर हे काम करू शकणार नाहीत, असं मला कुणी सांगू नये.

आणि मैत्रिणींनो, तुमच्यासाठी एवढंच. घरात कुणी ओटीपोटाचा शेक घेतला असेल, तर पुढे कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दाताच्यासुद्धा, गेल्यावर पहिलं वाक्य तेच असू द्या. रक्त दिसलं तर घाबरून गप्प बसू नका, आणि ‘शेकाचंच असेल’ म्हणून निर्धास्तही राहू नका. वजन उतरत असेल, एक पाय सुजत असेल, योनीतून रक्त येत असेल, तर त्याच आठवड्यात कॅन्सरच्या डॉक्टरांना गाठा.

मागच्या भेटीत मावशी आल्या, तेव्हा पिशवीतून वर्तमानपत्र काढलं खरं. खुर्चीवर अंथरलं नाही. माझ्या हातात दिलं. ‘‘लिहिता ना तुम्ही पेपरात? मग आमचं लिहा की.’’

म्हणून लिहिलं.